शाळा आणि कमाई : सहसंबंधाकडून कार्यकारणाकडे

शिकलेला मनुष्य न शिकलेल्यापेक्षा अधिक मिळवितो, हे विधान ज्या ज्या देशांत मजुरीची आणि शिक्षणाची मोजणी नीटपणे झाली त्या बहुतेक देशांत, कमीअधिक प्रमाणात का होईना, खरे ठरले आहे. जेकब मिन्सर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात शाळेची वर्षे आणि कामाचा अनुभव एवढ्या दोनच गोष्टींवरून कमाईचा अंदाज बांधणारे समीकरण मांडले, आणि तेव्हापासून देशोदेशींच्या पाहण्यांत ते इतक्या वेळा वापरले गेले आहे, की शिक्षणाच्या अर्थशास्त्रात पाऊल टाकणाऱ्या विद्यार्थ्याची पहिली ओळख बहुधा त्याच्याशीच होते. पण या साऱ्या आकड्यांवरून जे निर्विवादपणे सिद्ध होते ते एवढेच, की शिक्षण आणि कमाई या दोन गोष्टी बरोबरीने नांदतात. शिक्षणामुळेच कमाई वाढली की नाही, हा प्रश्न तेथे सुटत तर नाहीच, किंबहुना तो खऱ्या अर्थाने तेथेच सुरू होतो. या प्रश्नाचा अभ्यासकांनी गेल्या पन्नास वर्षांत कसकसा पाठपुरावा केला, याचा आढावा येथे घ्यावयाचा आहे, आणि तो ज्यांना संख्याशास्त्राचा फारसा सराव नाही अशा विद्यार्थ्यांना नजरेसमोर ठेवून घ्यावयाचा असल्यामुळे, आरंभी एका ओळखीच्या मुलखात उतरणे सोयीचे होईल.

जुन्नर तालुक्यात कुकडी नदीवर येडगावचे धरण आहे. माणिकडोह, डिंभे, वडज आणि पिंपळगाव जोगे या धरणांबरोबर ते कुकडी प्रकल्पात मोडते, आणि त्याच्यापासून निघणारा डावा कालवा पारनेर, श्रीगोंदा, कर्जत असे तालुके ओलांडून करमाळ्यापर्यंत पाणी नेतो. हा प्रकल्प उभा राहिल्यापासून या भागातील जमिनीची विभागणी काळी आणि मुरमाड एवढ्यापुरती राहिली नाही. पाणी पोचलेली आणि पाणी न पोचलेली अशी एक नवी आणि अधिक निर्णायक विभागणी तिच्यावर बसली. जेथे उपशाने किंवा पाटाने पाणी आले तेथे ऊस, द्राक्षे आणि टोमॅटो आले, नारायणगावच्या बाजारात दरवर्षी हाती रोख पडू लागली. जेथे ते आले नाही तेथे बाजरी आणि पावसाची वाट हेच चालू राहिले. आता अशा परिसरात कोणी पाहणी केली आणि दहावी झालेल्यांची कमाई दहावी न झालेल्यांपेक्षा पुष्कळ अधिक असल्याचे त्याला आढळले, तर त्याने शाळेचा महिमा गावा की कालव्याचा?

प्रथम दोन कल्पना वेगळ्या करून ठेवू. एक राशी वाढत असता दुसरीही सामान्यतः वाढते, किंवा एक वाढत असता दुसरी घटते, तेव्हा त्या दोहोंत सहसंबंध आहे असे म्हणतात. त्याची दृढता सांगणारा गुणांक −१ आणि +१ यांच्या दरम्यान राहतो, आणि दोहोंचा सरळ रेषेतला मेळ मुळीच नसेल तर तो शून्य येतो. या गुणांकाचा एक धर्म विद्यार्थ्यांच्या ध्यानात सहसा येत नाही, तो असा, की त्याला दिशा नसते. शिक्षणाचा कमाईशी जितका सहसंबंध तितकाच कमाईचा शिक्षणाशी. अदलाबदल केली तरी आकडा तोच. कार्यकारणाला मात्र दिशा असते. त्याचे विधान दोन माणसांच्या तुलनेचे नसून एकाच माणसाच्या दोन अवस्थांच्या तुलनेचे असते : हाच माणूस, याच घरात जन्मलेला, याच बुद्धीचा, शाळेत दोन वर्षे अधिक गेला असता तर आज किती मिळविता? दुर्दैव असे की या दोन अवस्थांपैकी एकच प्रत्यक्षात उतरते आणि दुसरी कोणत्याही दप्तरात नोंदलेली सापडत नाही. म्हणून आपण एका माणसाच्या न घडलेल्या अवस्थेच्या जागी दुसरा माणूस उभा करतो, आणि सारा धोका या बदलीत आहे. ही बदली न्याय्य आहे की नाही, हे ठरविणारा प्रश्न एकच : हा शिकला आणि तो शिकला नाही, याचे कारण काय?

आता हिशेब करून पाहू. पुढील आकडे कोणत्याही पाहणीतील नसून, गणित हातावेगळे व्हावे म्हणून मुद्दाम सोपे धरलेले आहेत. येडगावच्या आसपासच्या वस्त्यांतील तीस ते पन्नास वर्षे वयाचे दोनशे पुरुष आपण घेतले असे समजा. त्यांतील शंभर बागायती घरांतले, शंभर जिरायती घरांतले. बागायती शंभरांपैकी ८० दहावी झालेले आणि २० न झालेले. जिरायती शंभरांपैकी २० दहावी झालेले आणि ८० न झालेले. कमाई अशी धरू : बागायती आणि दहावी झालेला दरमहा २०,००० रुपये, बागायती पण दहावी न झालेला १७,०००; जिरायती आणि दहावी झालेला १३,०००, जिरायती व दहावी न झालेला १०,०००.

जो पाहणीदार जमिनीकडे न पाहता केवळ दहावीकडे पाहील त्याचा हिशेब असा होईल. दहावी झालेले एकूण शंभर. त्यांत ८० जण वीस हजारांचे आणि २० जण तेरा हजारांचे, म्हणून सरासरी १८,६०० रुपये. दहावी न झालेले तेही शंभर. त्यांत २० जण सतरा हजारांचे आणि ८० जण दहा हजारांचे, म्हणून सरासरी ११,४००. अंतर ७,२०० रुपये. हा आकडा खोटा नाही. त्याची बेरीज आणि भागाकार कोणीही तपासून घ्यावा. पण हाच पाहणीदार जर बागायती घरांत स्वतंत्रपणे आणि जिरायती घरांत स्वतंत्रपणे पाहू लागला, तर दोन्हीकडे त्याला दहावीने पडणारे अंतर अवघे ३,००० रुपये दिसेल. मग उरलेले ४,२०० आले कोठून? दहावी झालेल्या गटात बागायतदारांचे प्रमाण शेकडा ८० आहे आणि न झालेल्या गटात शेकडा २०, म्हणजे दोन गटांत बागायतीचे प्रमाण शेकडा ६० ने वेगळे आहे. आणि बागायती असण्याने, शिक्षण तेच ठेवूनही, सात हजार रुपये अधिक मिळतात. सात हजारांचे शेकडा ६० म्हणजे ४,२००. शाळेच्या खात्यावर जमा झालेल्या ७,२०० रुपयांपैकी ४,२०० रुपये वास्तविक पाण्याच्या खात्यावरचे होते.

ज्या घटकाने एकीकडे शिक्षण वाढविले आणि दुसरीकडे कमाईही वाढविली, त्या तिसऱ्या घटकाने दोहोंत एक दिखाऊ नाते निर्माण केले, असा याचा अर्थ. येथे दोन अटी एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात, हे विसरू नये. पाण्याने कमाई वाढली असती पण बागायती आणि जिरायती घरांतील मुले सारख्याच प्रमाणात शिकली असती, तर पाण्याने हिशेबात काहीच बिघाड केला नसता. तसेच बागायती मुले अधिक शिकली असती पण पाण्याने कमाईत फरक पडला नसता, तरीही हिशेब सरळच राहिला असता. दोन्ही धागे एकाच ठिकाणी बांधलेले असतील तेव्हाच गाठ पडते.

येथवर आलेला विद्यार्थी साहजिकच असे म्हणू लागतो, की मग जे जे माहीत आहे ते ते सारे सारखे ठेवून तुलना करावी. या उत्साहाला वेळीच आवर घालणे जरूर आहे. समजा त्याने जमिनीबरोबर धंदाही सारखा ठेवला : कारकुनांची तुलना कारकुनांशी, शेतमजुरांची शेतमजुरांशी, साखर कारखान्याच्या कामगारांची तेथल्याच कामगारांशी. तीन हजारांचे अंतर पाहता पाहता हजारावर उतरेल, आणि त्याला वाटेल की आपण आणखी एक दिखाऊ नाते उघडे पाडले. प्रत्यक्षात त्याने शिक्षणाचा परिणाम घडून येण्याचा मार्गच बंद केलेला असतो, कारण दहावीने कमाई वाढते ती मुख्यत्वे दहावीमुळे कारकुनी मिळते म्हणूनच. पाणी हे शाळेच्या आधीचे आहे आणि धंदा शाळेच्या नंतरचा आहे. आधीचे सारखे ठेवावे, नंतरचे सारखे ठेवू नये. आणि कोणते आधीचे व कोणते नंतरचे हे संख्याशास्त्र सांगत नाही, ते गावाच्या व्यवहाराची माहिती असलेल्या माणसालाच सांगावे लागते.

दुसरा एक दोष मोजणीच्या जागेतच दडलेला असतो. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि मावळ या तालुक्यांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे मुंबईस गेली. मुंबईचे डबेवाले प्रामुख्याने याच पट्ट्यातले. गावात घरोघर फिरून केलेल्या पाहणीत यांपैकी कोणी सापडत नाही. जो शिकला आणि पुण्यास किंवा मुंबईस नोकरीला लागला तो यादीतून गळाला, आणि गावात जे शिकलेले उरले ते एक तर ज्यांना शेतीच फायद्याची वाटली ते, किंवा ज्यांना बाहेर काही जमले नाही ते. अशा यादीवरून शिक्षणाचा लाभ मोजला तर तो खऱ्यापेक्षा कमी निघण्याचा संभव अधिक, आणि डबेवाल्यासारखा, शाळेपेक्षा गाववाल्यांच्या ओळखीवर स्थिर मिळकत कमावणारा माणूसही यादीबाहेर राहिल्यामुळे चूक कोणत्या बाजूला किती झाली हे निश्चित सांगणेही अवघड होते. गळालेल्यांना शोधून काढण्याचा मार्ग म्हणजे यादी आजच्या घरांवरून न करता शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरावरून करणे : अमुक साली पहिलीत दाखल झालेली सर्व मुले घ्यावयाची, आणि मग ती आज कोठे आहेत याचा माग काढावयाचा. काम कष्टाचे आहे, पण त्याला दुसरा पर्याय नाही.

कमाई मोजण्याची अडचण तर शेतीच्या मुलखात स्वतंत्रच आहे. नोकरदाराला महिन्याचा पगार असतो. शेतकऱ्याला हंगाम असतो, आणि एकत्र कुटुंबात कोणत्या भावाची कमाई किती हे घरच्यांनाही सांगता येत नाही. २०२३ च्या जुलै महिन्यात टोमॅटोचे भाव अतोनात चढले होते. त्या महिन्यात नारायणगावच्या बाजूला चौकशी करणाऱ्याला शिक्षणाचा नव्हे, तर टोमॅटोच्या लागवडीच्या तारखेचाच कमाईशी सर्वांत घट्ट सहसंबंध आढळला असता.

पाणी तरी डोळ्यांना दिसते आणि सातबारावर नोंदलेले असते. पण मुलाची बुद्धी, चिकाटी, आईबापांची महत्त्वाकांक्षा, घरातील आजारपण यांची नोंद कोठे असणार? ज्या मुलाला गणित लवकर समजते तो शाळेत अधिक टिकतो, आणि शाळेत टिकला नसता तरीही कदाचित त्याने बाजारात चार पैसे अधिक मिळविले असते. आपल्या उदाहरणातील ३,००० रुपयांतही अशा अदृश्य गुणांचा वाटा असू शकतो. या शंकेवर एक चतुर उपाय म्हणून अभ्यासक जुळ्यांकडे वळले. ऑर्ली ॲशनफेल्टर आणि ॲलन क्रूगर यांनी अमेरिकेतील ओहायो राज्यात ट्विन्सबर्ग या गावी दरवर्षी भरणाऱ्या जुळ्यांच्या मेळाव्यात १९९१ साली मुलाखती घेतल्या आणि १९९४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकसारख्या जुळ्यांचे घर एक, आईबाप एक, जन्मजात वारसा एक. तेव्हा त्यांच्यातील एक अधिक शिकला आणि दुसरा कमी, तर कमाईतील फरक घराचा किंवा रक्ताचा म्हणता येणार नाही. त्यांना शाळेच्या प्रत्येक जादा वर्षामागे कमाई शेकडा १२ ते १६ अधिक आढळली. म्हणजे बुद्धीचा वाटा वजा जाता आकडा कमी होईल अशी जी अपेक्षा होती, ती फलद्रूप झाली नाही.

त्या पाहणीतील एक युक्ती विशेष शिकण्यासारखी आहे. लोक आपल्या शिक्षणाची वर्षे सांगताना चुकतात. कोणी नापास झालेले वर्ष धरतो, कोणी सोडतो. सर्वसाधारण पाहणीत ही चूक खपून जाते, कारण कोणी चौथी शिकलेला तर कोणी पदवीधर, असे मोठे फरक तेथे असतात. जुळ्यांमध्ये मात्र मुळातच फरक लहान, वर्षादोन वर्षांचा. त्यात एका वर्षाची चूक मिसळली की खऱ्या फरकाइतकीच खोटी भर पडते आणि शिक्षणाचा लाभ आहे त्यापेक्षा कमी दिसू लागतो. म्हणून त्या दोघांनी प्रत्येक जुळ्याला स्वतःच्या शिक्षणाबरोबरच भावंडाचे शिक्षणही विचारले आणि दोन जबान्या एकमेकींवर तपासून घेतल्या. तरीसुद्धा एक प्रश्न जुळ्यांच्या पद्धतीत शिल्लक राहतोच : सर्व काही सारखे असता एकानेच शाळा का सोडली? त्याला आजार झाला असेल, तर तो आजार कमाईलाही भोवला असेल.

म्हणजे फिरून आपण त्याच प्रश्नाशी आलो, की शिक्षणातील फरक कशामुळे पडला. यावरचे खरे उत्तर असा फरक शोधणे हे होय, जो शिकणाऱ्याच्या गुणावगुणांनी किंवा त्याच्या घराच्या सुबत्तेने न पडता बाहेरच्या एखाद्या निर्णयाने पडला असेल. या मार्गाचा सर्वांत सुबक नमुना इंडोनेशियातला आहे, आणि तो थोडा सविस्तर पाहणे फायद्याचे ठरेल. १९७३ नंतर तेलाच्या वाढलेल्या उत्पन्नातून त्या सरकारने १९७८–७९ पर्यंत ६१,००० हून अधिक प्राथमिक शाळा बांधल्या. नियम असा होता, की ज्या भागात शाळेत न जाणारी मुले अधिक, तेथे शाळा अधिक. आता यातील सापळा पाहा. कोणी केवळ सहसंबंध काढला, तर ज्या भागात शाळा अधिक बांधल्या गेल्या तेथील लोकांचे शिक्षण कमीच आढळते, आणि शाळा बांधल्याने शिक्षण घटते असा विपरीत निष्कर्ष निघतो. वस्तुतः शिक्षण कमी होते म्हणूनच तेथे शाळा बांधल्या गेल्या. कारण आणि कार्य यांची येथे चक्क उलटापालट झालेली असते.

एस्थर डुफ्लो यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात हा सापळा दुहेरी वजाबाकीने चुकविला. १९७४ साली जी मुले २ ते ६ वर्षांची होती त्यांना नव्या शाळांचा लाभ झाला. जी तेव्हा १२ ते १७ वर्षांची होती त्यांचे प्राथमिक शाळेचे वय उलटून गेलेले होते, त्यांना झाला नाही. १९९५ च्या पाहणीत ही सारी माणसे कमावती झालेली होती. अधिक शाळा मिळालेल्या भागात थोरल्या पिढीचे शिक्षण सरासरी ८.०२ वर्षे आणि धाकट्या पिढीचे ८.४९, म्हणजे वाढ ०.४७. पण ही सारी वाढ नव्या शाळांची म्हणता येत नाही, कारण काळाबरोबर शिक्षण सर्वत्रच वाढत होते. कमी शाळा मिळालेल्या भागात तीच सरासरी ९.४० वरून ९.७६ वर गेली. तेथील वाढ ०.३६. एका वाढीतून दुसरी वजा केली म्हणजे साधारण ०.११ वर्षे उरतात, आणि तेवढीच शाळांच्या पदरात टाकता येतात. पहिल्या वजाबाकीने भागाचा कायमचा मागासलेपणा बाजूला पडला, दुसरीने काळाची सर्वसाधारण प्रगती बाजूला पडली.

या युक्तिवादाचा पाया एका गृहीतावर उभा आहे : नव्या शाळा नसत्या तर दोन्ही भागांतील शिक्षण सारख्याच गतीने वाढले असते. हे गृहीत सिद्ध करता येत नाही, पण त्याची उलटतपासणी करता येते. ज्या दोन पिढ्यांना शाळांचा लाभ होणे अशक्यच होते, म्हणजे १९७४ साली १२ ते १७ आणि १८ ते २४ वर्षांचे असलेले लोक, त्यांच्यावर हीच दुहेरी वजाबाकी करून पाहिली तेव्हा बाकी जवळजवळ शून्य आली. ती मोठी आली असती, तर दोन भागांची चाल आधीपासूनच वेगळी होती असे ठरून पुढचा सारा हिशेब डळमळला असता. स्वतःच्या निष्कर्षाला खोटे पाडू शकेल अशी कसोटी संशोधकाने आपण होऊन लावली आहे की नाही, हे कोणताही निबंध वाचताना विद्यार्थ्याने सर्वप्रथम पाहावे.

शिक्षण वाढले, आता कमाईचे काय? तीच दुहेरी वजाबाकी मजुरीवर करावयाची, आणि मजुरीतील वाढीला शिक्षणातील वाढीने भागावयाचे. समजा, एखाद्या शाळेमुळे शिक्षण ०.२ वर्षे वाढले आणि मजुरी शेकडा २ वाढली, तर एका पूर्ण वर्षाचा लाभ शेकडा १० ठरेल. डुफ्लो यांच्या प्रत्यक्ष हिशेबात, भागाभागांतील इतर फरकही विचारात घेतल्यानंतर, हा लाभ दर वर्षामागे शेकडा ६.८ ते १०.६ असा निघाला. नव्या शाळेने मजुरी वाढविली ती शिक्षणाच्या द्वारेच, रस्ता किंवा दवाखाना तिच्याबरोबर आला म्हणून नव्हे, एवढे या भागाकारासाठी मान्य करावे लागते. म्हणून त्याच काळातील पाण्याच्या आणि स्वच्छतेच्या योजनाही त्यांनी हिशेबात धरल्या होत्या.

आपल्या देशातही अशा बाहेरून पडलेल्या फरकाचा उपयोग झाला आहे. १९९४ साली सुरू झालेल्या जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमात जिल्हे निवडताना १९९१ च्या जनगणनेतील स्त्रीसाक्षरतेची राष्ट्रीय सरासरी, शेकडा ३९.३, ही मुख्य कसोटी होती. महाराष्ट्रात लातूर, नांदेड, परभणी अशा जिल्ह्यांना तो कार्यक्रम मिळाला, पुण्याला मिळाला नाही. लातूरची तुलना पुण्याशी करणे अर्थातच व्यर्थ. पण देशभरातले जे जिल्हे या रेषेच्या किंचित खाली होते आणि जे किंचित वर होते, त्यांत मुळात फारसे अंतर नव्हते, आणि सरकारी पैसा मात्र एकाला मिळाला, दुसऱ्याला नाही. गौरव खन्ना यांनी या रेषेच्या दोन्ही काठांवरील जिल्ह्यांची तुलना केली. शिक्षणाने कमाई वाढते हे तेथेही दिसलेच, पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट पुढे आली : एका जिल्ह्यात शिकलेल्यांची संख्या एकदम वाढली की शिकलेल्यांना मिळणारी जादा मजुरी काही अंशी उतरते. एकट्यादुकट्याला शिक्षणाने होणारा लाभ आणि साऱ्या जिल्ह्याला शिकविल्याने प्रत्येकाला होणारा लाभ हे दोन निराळे आकडे आहेत, आणि पहिल्याला जिल्ह्याच्या डोक्यांनी गुणून दुसरा मिळत नाही.

आणखी एक मर्यादा मुंबईच्या दादरमधील अभ्यासाने स्पष्ट केली. कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग यांनी तेथील शाळांतून शिकलेल्या मुलांची माहिती गोळा करून २००६ साली दाखविले, की १९९० नंतर इंग्रजी माध्यमाचा आर्थिक लाभ वाढत गेला असतानाही कनिष्ठ जातींतील मुलगे मराठी शाळांतच जात राहिले, कारण त्यांच्या जातीबांधवांच्या ओळखीने मिळणाऱ्या कामगारीच्या नोकऱ्यांना इंग्रजीची गरज नव्हती. त्याच घरांतील मुली मात्र, त्या ओळखीचा लाभ त्यांना कधी मिळालाच नव्हता म्हणून, इंग्रजीकडे वळल्या. शाळेची निवड ही पुढे काय मिळणार याच्या अंदाजावरून होते, हे यावरून कळते. जो स्वतःच्या लाभाचा हिशेब करून शाळेत गेला त्याला झालेला लाभ, ज्याने तसाच हिशेब करून शाळा टाळली त्याला झाला असता असे धरून चालणे योग्य नव्हे. डुफ्लो यांचा आकडाही, नेमके बोलावयाचे तर, शाळा जवळ आली म्हणूनच जे अधिक शिकले त्यांच्यापुरता आहे. जे कसेही करून शिकलेच असते, किंवा कसेही करून शिकले नसते, त्यांच्याविषयी तो मुका आहे.

कारण ठरले तरी ते कसे काम करते हा प्रश्न वेगळाच. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ साली अशी शक्यता मांडली, की शाळेने माणसाच्या कामाची कुवत मुळीच वाढली नाही तरीही दाखल्याला बाजारात किंमत येऊ शकते, कारण शाळा पार पाडणे हे हुशार माणसाला सोपे जाते आणि मालकाला दाखल्यावरून त्याची निवड करता येते. तसे असेल तर दाखला मिळविणाऱ्याची कमाई त्याच्यामुळेच वाढेल, कार्यकारण खरे ठरेल, पण गावाच्या एकूण उत्पन्नात भर पडणार नाही. उलट बाजूने हेही आहे, की शाळेतली वर्षे म्हणजे शिक्षण नव्हे; धनंजयराव गाडगीळ आणि वि. म. दांडेकर यांनी १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षणाच्या तपासणीत शाळा सोडल्यानंतर साक्षरता टिकते की नाही, हाच विषय हाती घेतला होता. वर्षे मोजणे सोपे, म्हणून सारे अर्थशास्त्र वर्षे मोजते.

एवढे सारे पाहिल्यावर निवाडा असा द्यावा लागतो. शाळेने कमाई वाढते, हे विधान आज केवळ सहसंबंधावर उभे नाही. इंडोनेशियातील शाळा, जुळी भावंडे, स्त्रीसाक्षरतेची रेषा अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या पुराव्यांनी ते निरनिराळ्या वाटांनी तपासले गेले आहे, आणि दर वर्षामागे शेकडा दहाच्या आगेमागे लाभ धरण्यास सामान्यतः हरकत नाही. अदृश्य बुद्धीने सारा हिशेब खोटा ठरेल ही भीती बरीचशी अनाठायी ठरली. पण आपल्या उदाहरणातील ७,२०० रुपये शाळेच्या नावे लिहिणारा पाहणीदार तेवढाच चुकलेला आहे जेवढा तो हे पुरावे जमण्यापूर्वी होता, कारण शिक्षणाचा लाभ जगात कोठे तरी सिद्ध झाला म्हणून येडगावातले कालव्याचे पाणी हिशेबातून आपोआप वजा होत नाही. त्याच्या हाती ३,००० चा आकडा आहे, तोही मुंबईस गेलेल्यांना वगळून काढलेला. आणि शाळेच्या जनरल रजिस्टरावरून त्यांचा माग काढीपर्यंत त्याने त्या आकड्यालाही कच्ची नोंद एवढेच म्हणावे.